मे महिन्याच्या उन्हातली लोकर

फोटोतल्या बाईंच्या गळ्यात मफलर आहे, पण गच्चीच्या फरशीवर पडलेल्या त्यांच्या सावलीची मान उघडीच आहे. आधी डोके, मग बारीक मान, मग खांदे. मफलर घातलेल्या माणसाची सावली अशी पडत नाही. मफलरचे दोन वेढे मान भरून काढतात आणि सावलीत डोके थेट खांद्यांवर बसल्यासारखे दिसते. फोटो पाहणाऱ्या दहा जणांपैकी कदाचित एकही जण या चुकीवर बोट ठेवणार नाही. पण स्वेटर आणि मफलर नंतर संगणकावर चढवले आहेत, असा संशय मात्र अनेकांना येईल. हा संशय कुठून येतो आणि तो येऊ नये म्हणून काय करावे लागते, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

ही गरज कोणाची, हे आधी सांगायला हवे. घरी लोकरीचे विणकाम करून विकणाऱ्या बायकांची खरी विक्री दिवाळीनंतर सुरू होते आणि जानेवारीत ओसरते. पुण्यासारख्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरचे स्टॉलही याच दिवसांत लागतात. फोटो मात्र त्याआधी तयार असावे लागतात, आणि ते काढायला मोकळा वेळ आणि उजेड असतो तो एप्रिल-मेमध्ये. त्या उकाड्यात कोणाला तासभर लोकर घालून उभे करणे शक्य नसते. घाम लपत नाही. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ च्या चित्रपटातली नाताळची दृश्ये कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात चित्रित झाली. रस्त्यावर आग विझवण्याच्या फेसापासून बनवलेला बर्फ होता, अंगावर थंडीचे कपडे होते, आणि तरी काही दृश्यांत जेम्स स्टुअर्ट यांच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो. म्हणून फोटोग्राफर उलटा मार्ग घेतात: माणसाचा फोटो सुती कपड्यांत काढायचा, स्वेटरचा फोटो वेगळा काढायचा, आणि दोन्ही एकत्र आणायचे.

कापणे आणि चिकटवणे हा यातला सोपा भाग आहे. फोटोशॉपमध्ये १९९४ पासून लेयर आहेत, गिंपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्येही तीच सोय आहे, आणि थोड्या सरावाने स्वेटर खांद्यांवर बसवता येतो. अवघड आहे ते त्याच्यावर त्या गच्चीतले, त्या वेळचे ऊन पाडणे. त्यातही उजळ बाजू लवकर जमते. फोटो फसतो तो सावलीच्या बाजूला, म्हणून पुढच्या सगळ्या विवेचनाचा रोख सावलीवर आहे.

उदाहरणादाखल एकच फोटो घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहू. पुण्यातली गच्ची, मेचा मध्य, दुपारचे चार वाजलेले. लाल फरशीवर पांढरा सुती कुर्ता घातलेल्या एक बाई उभ्या आहेत. ऊन फोटोच्या डाव्या बाजूने आणि किंचित समोरून येते आहे. चेहऱ्याची आणि अंगाची डावी बाजू उन्हात, उजवी सावलीत. त्यांच्या अंगावर मोहरीच्या रंगाचा, वेणीच्या विणीचा स्वेटर आणि गळ्यात गोंडे असलेला गर्द तांबडा मफलर चढवायचा आहे.

संगणकासमोर बसल्यावर पहिले काम फोटो वाचण्याचे. मेच्या मध्याला पुण्यात चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असतो. त्यामुळे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईंची सावली १८५ ते १९० सेंटिमीटर, म्हणजे उंचीपेक्षा थोडी लांब पडते. फोटो कोणी काढला, किती वाजता काढला हे ठाऊक नसले तरी सावलीच्या लांबीवरून सूर्याची उंची काढता येते. सावली उंचीइतकीच असेल तर सूर्य ४५ अंशांवर. त्याहून आखूड असेल तर सूर्य आणखी वर. सूर्य कुठे आहे हे एकदा कळले, की मफलरच्या घडीचा कोणता भाग उजळणार आणि हनुवटीची सावली कुठवर उतरणार, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

दुसरे वाचन रंगाचे, आणि इथे पांढरा कुर्ता मोठा उपयोगी पडतो. उन्हातल्या कुर्त्यावर कर्सर ठेवून Info पॅनेलमधले आकडे पाहायचे. समजा ते लाल २४४, हिरवा २४०, निळा २३० असे आले. आता तोच कुर्ता सावलीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर मोजायचा. तिथे लाल १२८, हिरवा १३६, निळा १५० आले. कापड एकच आहे. तरी उन्हात लाल सर्वांत जास्त होता आणि सावलीत निळा सर्वांत जास्त आहे. कारण उघड आहे: उन्हातल्या बाजूवर थेट सूर्यप्रकाश पडतो, तर सावलीतल्या बाजूला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाचा. सावली म्हणजे कमी झालेले ऊन नव्हे. तिथे दुसऱ्याच दिव्याचा उजेड आहे, आणि त्या दिव्याचा रंग वेगळा आहे. नवशिके स्वेटरची एक बाजू काळ्या ब्रशने गडद करतात, तेव्हा नेमके हेच विसरले जाते. काळ्याने गडद केलेली मोहरी मळकट तपकिरी दिसते, आणि शेजारी कुर्त्याची निळसर सावली असल्याने ती जास्तच उठून दिसते.

यावरचा उपाय साध्या भागाकाराचा आहे. सावलीतला आकडा उन्हातल्या आकड्याने भागायचा. लालसाठी १२८ भागिले २४४, म्हणजे ०.५२५. हिरव्यासाठी ०.५६७, निळ्यासाठी ०.६५२. या प्रत्येकाला २५५ ने गुणले की लाल १३४, हिरवा १४५, निळा १६६ असा निळसर राखाडी रंग मिळतो. या रंगाचा Solid Color लेयर स्वेटरच्या वर ठेवायचा, त्याचा मोड Multiply करायचा आणि मास्क वापरून तो फक्त सावलीच्या बाजूला दिसू द्यायचा. उन्हात १९६, १५०, ६२ असलेली मोहरी आपोआप १०३, ८५, ४० होते. तिचा मोहरीपणा टिकतो, आणि सावली त्याच गच्चीतली होते. एक सावधगिरी मात्र हवी. उन्हातला कुर्ता जर २५५ ला टेकला असेल, म्हणजे जळून पांढराफेक झाला असेल, तर भागाकार चुकतो. अशा वेळी कुर्त्याचा किंचित तिरपा, न जळलेला भाग मोजावा.

या हिशेबातली गंमत अशी, की जो कुर्ता स्वेटरखाली झाकला जाणार आहे त्यानेच स्वेटरची सावली ठरवली. आणि तो पूर्ण झाकला जातही नाही. स्वेटरच्या खालच्या बॉर्डरखाली कुर्त्याचा घेर दिसत राहतो. काम झाल्यावर तिथेच पडताळा घेता येतो: बॉर्डरच्या वरच्या लोकरीत ऊन आणि सावलीचा सांधा जिथे आहे, तिथूनच तो खाली कुर्त्यावर पुढे चालू राहायला हवा. सांधा बॉर्डरपाशी तुटून दोन बोटे सरकला, तर फोटो तिथेच उसवला.

आता स्वेटरच्या फोटोविषयी. इथली निवड पुढचे निम्मे काम वाचवते किंवा वाढवते. स्वेटर भर उन्हात काढलेला नसावा. तो मोकळ्या सावलीत काढावा: उत्तरेकडच्या खिडकीपाशी, गॅलरीत किंवा ढगाळ दिवशी. मऊ उजेडातल्या स्वेटरवर ऊन नंतर पाडता येते. पण एकदा लोकरीच्या टाक्याटाक्यात चुकीच्या दिशेची कडक सावली बसली, की ती पुसताना वीणही पुसली जाते. शक्य असेल तर स्वेटर पुतळ्यावर न चढवता तशाच बांध्याच्या माणसाला दोन मिनिटे घालायला द्यावा. हात त्याच कोनात, कॅमेरा तितक्याच अंतरावर आणि तितक्याच उंचीवर. पुतळ्याच्या कोपरात पडणाऱ्या घड्या आणि माणसाच्या कोपरात पडणाऱ्या घड्या सारख्या नसतात, आणि Puppet Warp ने बाही वाकवली तरी घड्या काही नव्याने पडत नाहीत.

या फोटोत स्वेटरशेजारी एक पांढरा सुती रुमाल ठेवावा. तो असेल तर पुढचे सगळे सोपे होते. Curves लावून रुमालाचे आकडे उन्हातल्या कुर्त्याच्या आकड्यांपर्यंत, म्हणजे २४४, २४०, २३० पर्यंत न्यायचे. रुमालाबरोबर स्वेटरही तितकाच उजळतो आणि तितकाच उबदार होतो. गॅलरीतला स्वेटर अशा रीतीने गच्चीच्या उन्हात आला. त्यानंतर वरचा Multiply लेयर त्याला सावली देतो. दोन फोटोंना जोडणारा हा रुमाल काम संपल्यावर कापून टाकायचा. पांढऱ्या लोकरीवर मोजमाप करण्याचा मोह टाळावा, कारण लोकर मुळातच किंचित पिवळसर असते. तिला सुती कुर्त्याइतकी पांढरी केली तर ती लोकर वाटत नाही, आणि तिच्यावर मोजले तर सगळा फोटो निळा होतो.

दिवे जुळले तरी स्वेटर अजून चिकटवलेलाच वाटतो. कारण लोकरीचे अंग सुताच्या अंगासारखे नसते. सुती कुर्त्यावर उन्हाकडून सावलीकडे जाताना उजेड हळूहळू, एकसंध उतरतो. विणलेल्या स्वेटरवर तसे होत नाही. जिथे ऊन कापडाला घासून जाते, त्या पट्ट्यात प्रत्येक टाका आपली डावी बाजू उजळवतो आणि उजवीकडे आपली छोटी सावली टाकतो. वेणीची वीण असेल तर प्रत्येक वेणी एखाद्या डोंगररांगेसारखी एका अंगाने लख्ख आणि दुसऱ्या अंगाने काळोखी होते. हा चार-पाच सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे स्वेटरची ओळख. गॅलरीतल्या मऊ उजेडात काढलेल्या स्वेटरमध्ये नेमका हाच पट्टा नसतो.

तो तयार करायला फोटोशॉपमधला जुना Emboss फिल्टर पुरेसा आहे. स्वेटरच्या लेयरची प्रत काढून तिला कृष्णधवल करायचे आणि Emboss मध्ये कोन सूर्याच्या दिशेचा, इथे डावीकडून वरचा, ठेवायचा. करड्या रंगात उठावाचे चित्र मिळते. त्याचा मोड Overlay केला की करडा भाग नाहीसा होतो आणि फक्त टाक्यांच्या उजळ-काळ्या कडा उरतात. मग काळा मास्क लावून हा लेयर पूर्ण लपवायचा आणि मऊ ब्रशने तो केवळ सांध्याच्या पट्ट्यापुरता उघडायचा. लेयरची तीव्रता तीस-चाळीस टक्क्यांवर पुरते. समोरून ऊन झेलणाऱ्या भागात टाके सपाट दिसतात आणि आतल्या सावलीत ते मऊ दिसतात. सगळ्या स्वेटरभर सारखाच उठाव दिला तर लोकर प्लास्टिकच्या चटईसारखी दिसू लागते.

यानंतर मफलर, आणि मफलरबरोबर सावल्यांची खरी परीक्षा. फोटोशॉपमध्ये Drop Shadow नावाची तयार सावली मिळते. ती एक कागद दुसऱ्या कागदावर ठेवल्यासारखी, सगळीकडे सारखी धूसर असते. उन्हातल्या सावलीची कड किती मऊ असावी हे मात्र निसर्गाने ठरवून दिलेले आहे. पृथ्वीवरून सूर्याची चकती साधारण अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सावलीच्या कडेवरची धूसर पट्टी ही सावली टाकणारी वस्तू आणि सावली पडण्याची जागा यांच्यातल्या अंतराच्या साधारण एकशेदहाव्या भागाइतकी रुंद असते. हा एक नियम ध्यानात ठेवला की ब्रश किती मऊ ठेवायचा याचे उत्तर मिळते.

आपल्या फोटोत चेहरा २० सेंटिमीटरचा आणि त्याची फोटोतली उंची ८०० पिक्सेल धरू. म्हणजे एका मिलिमीटरला चार पिक्सेल. हनुवटीपासून मफलरपर्यंत सूर्यकिरणाच्या वाटेने सहा सेंटिमीटर अंतर असेल, तर हनुवटीच्या सावलीची कड अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे दोन पिक्सेलची. मफलर स्वेटरपासून दोन सेंटिमीटर उचललेला असेल, तर त्याच्या सावलीची कड एका पिक्सेलपेक्षाही बारीक. याचा अर्थ, चारच्या उन्हात मफलरखाली तीस पिक्सेलची धुरकट सावली घालणे म्हणजे छातीवर ऊन आणि मफलरखाली ढगाळ दिवस दाखवणे. कड धारदार हवी. फक्त ती सरळ नको. स्वेटरच्या वेण्यांवरून जाताना ती वर चढते, खळग्यात उतरते आणि टाक्याटाक्याला दातेरी होते. मास्क रंगवताना ब्रश विणीच्या मागोमाग न्यावा लागतो. इथे घाई केली की सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

या उन्हाच्या सावलीखेरीज दुसरा एक अंधार असतो, घडीच्या आत दडलेला. मफलरचे दोन वेढे एकमेकांना टेकतात तिथे ऊन पोहोचत नाही, आणि आकाशाचा उजेडही फारसा पोहोचत नाही. हा अंधार मऊच असतो, कारण आकाश हा दिवा चहूकडून पसरलेला आहे. तो सर्व घड्यांत असतो, उन्हातल्याही आणि सावलीतल्याही. मऊ उजेडातल्या मूळ फोटोत तो बऱ्याच अंशी आधीच असतो. नव्याने घालावा लागतो तो दोन वेगळ्या फोटोंच्या सांध्यात: मफलर आणि मान यांच्यात, बाहीची बॉर्डर आणि मनगट यांच्यात. तेवढ्या चार-सहा मिलिमीटरच्या रेषेने वस्तू अंगाला टेकते. ती नसली की मफलर गळ्यापुढे तरंगतो.

आता फरशीकडे वळू, म्हणजे पहिल्या वाक्यातल्या सावलीकडे. मान जमिनीपासून सुमारे १४० सेंटिमीटर उंचीवर आहे. ४० अंशांच्या उन्हात मानेपासून तिच्या सावलीपर्यंतचे अंतर दोन मीटरच्या थोडे वर जाते, म्हणून तिथली कड दोन-तीन सेंटिमीटर मऊ असते. पायांशी सावली कोरल्यासारखी आणि डोक्याशी पुसट असते ती यामुळेच. मानेची खाच भरून काढताना ब्रश तितकाच मऊ ठेवावा. सावलीचा रंगही फरशीवरूनच, आधीच्या सावलीतून उचलावा. खांद्यांची सावली किंचित रुंद करावी, कारण लोकरीचा स्वेटर कुर्त्यापेक्षा जाड असतो. मफलरचे टोक अंगापासून सुटून लोंबत असेल तर गोंड्यांची सावलीही हवी, पण तिचे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट नको.

फरशी लाल आहे, हे अजून बाकी राहिले. उन्हात तापलेली लाल फरशी आपला तांबूस उजेड वर फेकते. म्हणून सावलीच्या बाजूचे वर तोंड केलेले भाग निळसर असतात आणि खाली तोंड केलेले भाग, म्हणजे बाहीची खालची बाजू, छातीखालच्या घड्या, बॉर्डरची आतली कड, किंचित तांबूस असतात. छातीच्या उंचीवर मोजलेला निळसर Multiply लेयर खालच्या भागात थोडा उबदार करावा लागतो. आणि उलट दिशेने एक गोष्ट काढूनही टाकावी लागते. मूळ फोटोत पांढऱ्या कुर्त्यावर पडलेले ऊन परतून हनुवटीखाली गेले होते. त्यामुळे हनुवटीचा तळ चांगला उजळ दिसतो. आता तिथे गर्द तांबडा मफलर आहे, आणि तो इतका उजेड परत फेकू शकत नाही. हनुवटीखालचा भाग थोडा गडद करून त्यावर मफलरच्या रंगाची अगदी पुसट झाक द्यावी. चेहऱ्याला हात लावायचा नाही, या भीतीने बहुतेक जण हे करत नाहीत. पण इथे चेहऱ्याला हात लावल्याखेरीज मफलर गळ्यात पडत नाही.

कडांविषयी थोडे. लोकरीची कड कात्रीने कापल्यासारखी नसते, तिच्यावर तंतूंची लव असते. लोकरीचा एक तंतू सर्वसाधारणपणे मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते पंचविसाव्या भागाइतका जाड असतो. आपल्या फोटोत मिलिमीटरला चार पिक्सेल आहेत, म्हणजे एक तंतू पिक्सेलच्या पाचव्या भागाइतकाही नाही. म्हणून उन्हाकडच्या खांद्यावर ही लव केसांसारखी सुटी दिसत नाही. तिथे एक-दोन पिक्सेलची उजळ झाक दिसते. कडेभर एकेक पिक्सेलचे केस रंगवले तर स्वेटर मांजरासारखा दिसतो. मफलरवरून आलेले डोक्याचे केस मात्र सुटे हवेत. ते मफलरच्या पुढे येतील असा त्यांचा वेगळा मास्क करावा.

एवढे बारीक काम खरोखर लागते का, असे कोणी विचारील. ओस्ट्रोव्स्की, कॅव्हानाग आणि पवन सिन्हा यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात माणसाच्या नजरेची एक दुबळी बाजू दाखवून दिली. अनेक वस्तूंच्या चित्रात एकाच वस्तूवर वेगळ्या दिशेचा उजेड असला, तरी लोकांना ती वस्तू पटकन सापडत नाही. म्हणजे उजेडाच्या दिशेत थोडी चूक खपून जाते. हे खरे आहे, आणि दिलासा देणारेही आहे. म्हणूनच या पुस्तिकेत मफलरच्या प्रत्येक घडीचा कोन मोजायला सांगितलेले नाही. पण सावलीचा रंग, कडेचा मऊपणा आणि वस्तू जिथे टेकते तिथला अंधार यांत नजर इतकी उदार नसते. वेळ थोडा असेल तर तो या तीन ठिकाणी घालवावा.

दिशा तपासायची असेल तर एक पट्टी पुरते. हनी फरीद आणि त्यांचे सहकारी बनावट फोटो ओळखण्यासाठी एक जुने भौमितिक तत्त्व वापरतात. सावलीतल्या एखाद्या बिंदूपासून, ती सावली टाकणाऱ्या वस्तूच्या बिंदूपर्यंत रेघ ओढली, तर ती पुढे प्रकाशाच्या उगमाकडे जाते. एकाच उन्हातल्या अशा सगळ्या रेघा फोटोच्या बाहेरही का होईना, एकाच बिंदूत भेटतात. डोक्याच्या टोकापासून एक, कोपरापासून एक आणि मफलरच्या गोंड्यापासून एक अशा तीन रेघा ओढून पाहाव्यात. गोंड्याची रेघ दुसरीकडेच गेली तर सावली सरकवावी. शेवटी फोटो आडवा उलटा करून, मग कृष्णधवल करून आणि मग अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहावा. लहान आकारात स्वेटर बाकीच्या फोटोच्या पुढे आल्यासारखा वाटला, तर त्याची सावली अजून उथळ आहे.

उरतो तो ऋतूचा प्रश्न. स्वेटर उन्हाळ्याच्या फोटोत चढवला म्हणजे फोटोच थंडीतला करायचा, असे नव्हे. मेमध्ये लेहमध्ये फिरणारे लोक लख्ख उन्हात स्वेटर घालतातच. पण पुण्यातल्या गच्चीत, मे महिन्यातल्या भरदुपारी, सूर्य डोक्यावर आणि सावली पायाशी गोळा झालेली असताना, कितीही नेमका रंगवलेला स्वेटर पटत नाही. अशा फोटोवर मेहनत घेऊ नये. चारच्या फोटोत निभावते. त्याहून चांगला उपाय फोटो काढतानाच करता येतो. पुण्यात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारला सूर्य साधारण २४ अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या दुपटीहून लांब पडते. मेमध्ये सूर्य त्याच उंचीवर येतो तो पाच वाजून गेल्यावर, साधारण सव्वापाचला. बाईंना तासभर उशिरा गच्चीवर बोलावले, तर डिसेंबरच्या दुपारइतकीच लांब सावली मेमध्येच मिळते, आणि उकाडाही थोडा उतरलेला असतो.

विकणाऱ्यांसाठी एक अट इथेच सांगून ठेवलेली बरी. फोटोतल्या मोहरीने उन्हात सोनेरी दिसावे यात गैर काही नाही. पण गिऱ्हाइकाच्या हाती पडणारा स्वेटर फोटोतल्या स्वेटरच्या रंगाचा असलाच पाहिजे. म्हणून गॅलरीतला, रुमालासह काढलेला मूळ फोटोही विक्रीच्या पानावर जोडावा, आणि अंगावरचा फोटो जोडून केलेला आहे हे त्याखाली स्पष्ट लिहावे.

पुढच्या प्रकरणांत याच गच्चीतल्या फोटोवर एकेक पायरी सावकाश करून दाखवली आहे. पहिले प्रकरण मोजमापाचे, दुसरे विणीचे, तिसरे मफलरचे आणि चौथे फरशीवरच्या सावलीचे. वाचकांनी ती नुसती वाचू नयेत. एखाद्या मे महिन्यातल्या संध्याकाळी सव्वापाचला गच्चीवर जावे, कोणाचा तरी फोटो काढावा, आणि फोटो काढण्याआधी त्या माणसाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पांढरा रुमाल टाकून एक जादा फोटो घ्यावा. एक रुमाल उन्हात असेल, एक सावलीत. या पुस्तिकेतला पहिला भागाकार त्या दोन रुमालांवरूनच करायचा आहे.